गोधडीचे थर सरकतात कुठे आणि का? कच्च्या टाक्यांपासून धावदोऱ्यापर्यंत



मागच्या व्हिडिओत आपण बाळाच्या गोधडीची किंमत कशी काढायची ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला: "मॅडम, हिशेब कळला, पण माझी गोधडी मागच्या बाजूने चुणते, त्याचं काय करू?" प्रश्न बरोबर आहे. मागच्या बाजूला चुणी असेल तर किंमत कितीही बरोबर काढा, गिऱ्हाईक ती देणार नाही. म्हणून आज फक्त या एकाच गोष्टीवर बोलू: थर न सरकू देता हाताने बारीक धावदोरा कसा घालायचा.

सुरुवात एका खऱ्या अनुभवाने करते. आमच्या वर्गातल्या एका ताईंना दोन गोधड्यांची पहिली ऑर्डर मिळाली. माप ३६ बाय ४८ इंच, चार थर, एक एक इंचावर धावदोरा. मुदत जवळ आली होती म्हणून त्यांनी कच्चे टाके घातलेच नाहीत. चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक अशा पाच पिना लावल्या आणि एका कडेपासून शिवायला बसल्या. वीस ओळी झाल्यावर गोधडी उलटून पाहिली, तर खालच्या थराला बोटभर उंचीची घडी पडली होती आणि ती धावदोऱ्यात पक्की शिवली गेली होती. वरून मात्र काहीच दिसत नव्हतं.

त्यांची एक ओळ साधारण २५ मिनिटांत होते. वीस ओळी म्हणजे आठ तास वीस मिनिटं. उसवायला चार तास गेले आणि पुन्हा शिवायला परत आठ तास वीस मिनिटं. म्हणजे बारा तासांहून जास्त काम फुकट गेलं. त्या आपल्या तासाचे ८० रुपये धरतात, म्हणजे जवळजवळ हजार रुपये त्यांच्याच खिशातून गेले. आणि कच्च्या टाक्यांना वेळ किती लागला असता? दीड तास.

आता हे नेमकं का घडतं ते बघू. कारण समजलं की उपाय पाठ करावा लागत नाही.

थर सरकतात म्हणजे काय होतं?

सुई कापडात अगदी सरळ, उभी कधीच जात नाही. आपण धावदोरा घालताना ती पुढच्या दिशेला तिरकी जाते. तिरकी सुई वरच्या थराला किंचित पुढे ढकलते आणि खालचा थर आहे तिथेच राहतो. एका टाक्यात हे सरकणं डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण आपल्या गोधडीची एक ओळ ४८ इंचांची आहे आणि इंचाला पाच टाके आहेत, म्हणजे एका ओळीत २४० टाके. एका टाक्याला मिलिमीटरचा फक्त दहावा भाग सरकला असं धरलं, तरी ओळीच्या शेवटी २४ मिलिमीटर होतात. म्हणजे जवळजवळ एक इंच कापड पुढे ढकललं गेलं.

हे ढकललेलं कापड कुठेतरी जाणारच. पुढे मोकळी कडा असेल तर ते कडेतून बाहेर येतं आणि आपण ते नंतर कापून टाकतो. पण पुढे आधीच शिवलेली ओळ असेल, तर त्याला वाट राहत नाही. मग ते तिथेच फुगतं आणि पुढच्या टाक्यात दबून त्याची चुणी होते. दोन्ही बाजूंनी शिवत मध्यावर आलात तर बरोबर मध्यावर फुगा येतो, तो याचमुळे.

यातून दोन नियम निघतात. पहिला, सरकायला जागाच द्यायची नाही, म्हणजे कच्चे टाके जवळ जवळ घालायचे. दुसरा, जे थोडं सरकेलच त्याला बाहेर जायला वाट ठेवायची, म्हणजे मध्यापासून कडेकडे शिवायचं. आजचा सगळा लेख या दोन नियमांवरच उभा आहे.

कापडाची तयारी: अर्धं काम इथेच होतं

आपलं उदाहरण तेच ठेवू. तयार माप ३६ बाय ४८ इंच. खालचा थर आणि मधले दोन थर जुन्या सुती साडीचे, वरचा थर नव्या छापील सुती कापडाचा.

जुनी साडी वर्षानुवर्षं धुतलेली असते, ती आता आटत नाही. नवं सुती कापड मात्र पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. दोन्ही न धुता एकत्र शिवले, तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यात वरचा थर आटणार आणि खालचे थर चुणणार. तुम्ही कितीही सुबक शिवलेलं असो. म्हणून नवं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा. त्यातली खळ निघून जाते आणि सुईसुद्धा सहज जाते. गडद रंग असेल तर ओला पांढरा फडका त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या गोधडीला घेऊ नका.

साडीचे काठ कापून बाजूला काढा. काठाची वीण घट्ट असते, अंग सैल असतं. दोन्ही एकाच थरात आले की काठाजवळ कापड ओढल्यासारखं राहतं. पायाजवळचा झिजलेला भागही सोडून द्या. उजेडासमोर धरल्यावर जिथे कापड जाळीसारखं दिसतं, तिथे टाका टिकणार नाही.

खालचा थर ४० बाय ५२ इंच कापा. मधले दोन आणि वरचा थर ३८ बाय ५० इंच. धावदोरा पडल्यावर कापड थोडं आत ओढलं जातं आणि कडा थोड्या वेड्यावाकड्या होतात, म्हणून ही वाढ लागते. पाचवारी साडी चांगली निघाली तर तिन्ही जुने थर एकाच साडीतून निघतात.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला आले पाहिजेत. कापड उभ्या धाग्याच्या दिशेला कमी ताणतं, आडव्याला थोडं जास्त आणि उरेब, म्हणजे तिरकं धरलं तर सगळ्यात जास्त. एक थर उभा आणि दुसरा आडवा ठेवला तर दोघं वेगवेगळे ताणतात आणि मध्ये घडी तयार होते. साडीची लांबी गोधडीच्या ४८ इंचांच्या दिशेला ठेवा आणि वरच्या कापडाची किनारही त्याच दिशेला.

आता वरच्या थरावर रेषा आखून घ्या. थर एकावर एक ठेवण्याआधीच आखा, कारण एकेरी कापडावर पट्टी सरळ बसते. शिंप्याचा खडू किंवा साबणाची वाळलेली पातळ वडी, दोन्ही चालतं. आधी बरोबर मधली उभी रेषा आखा, मग तिच्या दोन्ही बाजूंना एक एक इंचावर सतरा सतरा. एकूण ३५ रेषा होतात. बॉलपेन वापरू नका, धुतल्यावरही तो जाईलच असं नाही.

थर अंथरणं

हे काम फरशीवर करा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. फरशी पुसून पूर्ण कोरडी करा. फरशीच्या दोन लाद्यांमधली रेघ तुम्हाला सरळपणा दाखवते, तिचा फायदा घ्या.

आधी खालचा थर उलटा अंथरा. मध्यापासून तळहाताने बाहेरच्या दिशेला सारखा करा. मग चारही बाजूंच्या मध्यावर कागदी चिकटपट्टी लावून तो फरशीला चिकटवा आणि शेवटी कोपरे. चिकटपट्टी नसेल तर कडेला सुट्या लाद्या किंवा विटा कागदात गुंडाळून ठेवा. आपल्याकडच्या बायका पाटा-वरवंट्याचं वजन ठेवूनही हेच करत आल्या आहेत.

इथे एक बारीक फरक आहे, नीट लक्ष द्या. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. चिकटवताना खेचून लावलं, तर शिवून झाल्यावर पट्टी काढली की ते परत आखडतं. मग वरचे थर मोठे आणि खालचा लहान असं होतं. बोटाने कडेला हलकं ढकलून पाहा. कापड किंचित हललं पाहिजे, ढोलकीसारखं वाजायला नको.

यावर मधले थर एक एक करून ठेवा. प्रत्येक थर मध्यापासून बाहेर सारखा करा आणि मगच पुढचा ठेवा. चारही थर ठेवून शेवटी एकदाच हात फिरवला तर वरचा सपाट दिसतो, पण आतल्या थराची घडी तशीच राहते. आणि ती घडी नंतर निघत नाही.

कच्चे टाके

यासाठी लांब सुई आणि पांढरा सुती दोरा घ्या. गडद दोऱ्याचे तंतू फिक्या कापडात अडकून राहतात. टाक्याची लांबी दीड ते दोन इंच. दोन ओळींमधलं अंतर चार इंच, त्याहून जास्त नको. हाताचं माप सांगायचं तर तुमची मूठ ठेवून बघा. कुठेही मूठ ठेवली तरी तिच्या कडेला कच्चा टाका लागला पाहिजे.

पहिली ओळ मध्यावर, उभी. पण ती तुमच्या खडूच्या रेषेवर घालू नका, रेषेपासून अर्धा इंच बाजूला घाला. नाहीतर पक्का टाका कच्च्या दोऱ्यात अडकेल आणि नंतर कच्चा दोरा निघणार नाही. सगळ्या उभ्या कच्च्या ओळी अशाच दोन रेषांच्या बरोबर मध्ये येऊ द्या.

दोरा ओळीपेक्षा हातभर लांब घ्या आणि गाठ मारू नका. मध्यबिंदूपासून एका कडेकडे टाके घाला, निम्मा दोरा मध्यावर मोकळा सोडून. कडेला पोचलात की एक टाका मागे घेऊन थांबा. मग मध्यावरचा मोकळा दोरा सुईत ओवा आणि दुसऱ्या कडेकडे जा. म्हणजे कापड दोन्ही वेळा मध्यापासून बाहेरच ढकललं जातं आणि मध्ये गाठही राहत नाही.

फरशीवर सुईचं टोक वर काढणं जिवावर येतं. त्यासाठी डाव्या हातात एक साधा चमचा धरा. सुई खाली जाऊन वर यायला लागली की चमच्याची कड टोकाजवळ दाबा. टोक चमच्यावर चढून आपोआप वर येतं. बोटंही वाचतात आणि थर उचलावे लागत नाहीत. थर उचलले की ते सरकतात, म्हणून ही चमच्याची युक्ती नुसती सोय नाही.

मधल्या उभ्या ओळीनंतर मधली आडवी ओळ घाला. आता गोधडीवर अधिकचं चिन्ह झालं. मग एक ओळ उजवीकडे, एक डावीकडे, अशा उभ्या संपवा. तशाच एक वर, एक खाली अशा आडव्या. शेवटी कडेपासून अर्धा इंच आत चारही बाजूंनी एक फेरी. टाका घट्ट ओढू नका. दोरा कापडावर नुसता पडून राहिला पाहिजे. ओढला तर कच्च्या टाक्यानेच चुणी पडते.

आपल्या मापात उभ्या साधारण आठ-नऊ आणि आडव्या अकरा ओळी होतात. हाच तो दीड तास.

काही जणी विचारतात, सेफ्टी पिना चालतील का? चालतात, पण त्याही चार चार इंचांवर लागतात, म्हणजे शंभराच्या आसपास. काम चार दिवसांत संपणार असेल तर ठीक. पण गोधडी दोन-तीन आठवडे चालते आणि पावसाळ्यात पिना गंजतात. गंजाचा डाग सुती कापडातून सहज जात नाही. शिवाय पिनेत दोरा अडकत राहतो. हाताच्या धावदोऱ्याला कच्चे टाकेच बरे.

धावदोरा

सुई आखूड आणि बारीक घ्या. सुईच्या पाकिटावरचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक आणि आखूड. चार पातळ थरांना आठ नंबर बरा पडतो. हाताला जड जात असेल तर सात घ्या. लांब सुईने टाका लांब पडतो आणि ती जास्त तिरकी जाते, म्हणजे जास्त ढकलते.

दोरा सुती आणि मजबूत हवा. लांबी एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. फार तर २४. त्याहून लांब दोरा कापडातून इतक्या वेळा जातो की त्याचे तंतू सुटायला लागतात आणि गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुई बोटांनी ओढत राहिलात तर तासाभरात हात थकतो आणि टाके मोठे होत जातात.

सुरुवातीची गाठ लपवायची पद्धत अशी. दोऱ्याच्या टोकाला छोटी गाठ मारा. जिथून शिवायचं तिथून इंचभर लांब, फक्त वरच्या थरातून सुई आत घाला आणि सुरुवातीच्या जागी बाहेर काढा. दोरा हलका झटका देऊन ओढा. गाठ वरच्या थरातून आत शिरते आणि मधल्या थरात अडकून बसते. मागे किंवा पुढे कुठेच दिसत नाही.

आता टाका. डावा हात गोधडीच्या खाली ठेवा. सुई जमेल तितकी उभी धरून खाली टोचा. खालच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की लगेच अंगुस्तानाने सुईचा मागचा भाग खाली दाबा, म्हणजे टोक वर येईल. वर आलेलं टोक दिसलं की परत सुई उभी करून टोचा. सुई अशी झोका घेत राहते. तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग दोरा ओढा. खालच्या बोटाला टोक लागलं नाही तर तो टाका खालच्या थरात गेलेलाच नाही असं समजा.

इंचाला किती टाके? वर दिसणारे टाके मोजायचे. चार थरांना पाच चांगले, चार चालतील. नवीन असाल तर संख्येच्या मागे लागू नका. टाका आणि मधली जागा सारखी आली पाहिजे, आणि मागच्या बाजूचा टाका पुढच्याएवढाच दिसला पाहिजे. मागचे टाके ठिपक्यांसारखे लहान दिसत असतील तर तुमची सुई तिरकी जाते आहे. हीच ती सरकण्याची पहिली खूण. ती दुसऱ्याच ओळीत दिसते, विसाव्या ओळीपर्यंत थांबायची गरज नाही.

दोरा ओढताना टाका कापडात किंचित रुतला पाहिजे, पण कापड गोळा व्हायला नको. दर दहा इंचांनी ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवा. गोळा झालं असेल तर तिथेच सैल होतं.

क्रम कच्च्या टाक्यांचाच. पहिली ओळ बरोबर मध्यावरची. मध्यबिंदूपासून एका कडेपर्यंत, मग परत मध्यापासून दुसऱ्या कडेपर्यंत. नंतर उजवीकडची एक, डावीकडची एक. प्रत्येक ओळ मध्यापासूनच सुरू करा. थोडं जास्त गाठी माराव्या लागतात, पण ढकललेल्या कापडाला दर वेळी मोकळी कडा मिळते.

आणि बसता कसं यालाही महत्त्व आहे. गोधडी मांडीवर घेऊन बाकीची खाली लोंबत ठेवली, तर तिचं वजन सगळे थर खाली ओढतं. सगळा भार टेबलावर किंवा चौरंगावर गोळा करून ठेवा आणि फक्त शिवायचा भाग हातात घ्या. लाकडी रिंग वापरायची असेल तर कापड थोडं सैल ठेवा आणि काम थांबवताना रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिली तर तिचा वळ पडतो.

कच्चे टाके कधी काढायचे? घाई नको. उभी कच्ची ओळ तिच्या दोन्ही बाजूंची पक्की ओळ झाल्यावर काढा. आडव्या सगळ्यात शेवटी, दर पाच-सहा इंचांवर कापून तुकड्या-तुकड्यांनी. अख्खा दोरा एकदम ओढला तर पक्के टाकेही ओढले जातात.

पण आपल्या आजी तर कडेपासून आत शिवायच्या!

हा प्रश्न येणारच. आणि आजी बरोबरच होत्या. परंपरेतल्या बऱ्याच गोधड्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असं करत मध्यावर संपतात. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही असंच असतं. मग त्यात फुगा का येत नाही?

कारण तिथे वरचा थर आधी तयार नसतो. ठिगळं एक एक करून ठेवत, कडा दुमडत, शिवत पुढे जायचं. ढकललेलं कापड पुढच्या ठिगळाखाली जिरतं, कारण ते ठिगळ अजून कुठे शिवलेलंच नसतं. आपलं वरचं कापड मात्र एकसंध आहे, मापाने कापलेलं. त्याला जिरायला जागा नाही. तुम्ही ठिगळांची गोधडी करत असाल तर आजीची पद्धत घ्या. एकसंध कापडाची करत असाल तर मध्यापासून बाहेर. दोन्हींची सरमिसळ केली की घोटाळा होतो. त्या ताईंचं तेच झालं होतं.

चुणी सापडली तर

दर पाच ओळींनी गोधडी उलटा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, तळहात फिरवा. घडी हाताला आधी कळते. वरून आणखी एक चाचणी आहे: दोन ओळींमधलं कापड चिमटीत धरा. सगळीकडे साधारण सारखंच उचललं पाहिजे. एखाद्या जागी जास्त उचललं तर तिथे कापड गोळा झालंय.

सापडलं तर पुढच्या ओळीत "दाबून बसवू" म्हणू नका. ते दबत नाही, पुढे सरकत जातं आणि मोठं होतं. जिथून फुगा सुरू होतो तिथपर्यंतची ओळ उसवा, कापड कडेकडे सारखं करा, तिथे दोन दोन इंचांवर कच्चे टाके घाला आणि मग परत शिवा. एका ओळीचं उसवणं पाच-दहा मिनिटांचं आहे.

शेवटी मधले दोन आणि वरचा थर ३६ बाय ४८ ला सारखे कापा. खालचा थर त्यांच्या बाहेर सगळीकडे एक इंच ठेवून कापा. तो अर्धा अर्धा इंच दोनदा दुमडून वर आणा आणि हेम टाका घाला. त्याआधी दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर गोधडी तिरकी झाली आहे. कापण्याआधी ती चौकोनात आणता येते, नंतर नाही.

हिशेबात कुठे धरायचं?

एका गोधडीला धावदोऱ्याच्या ३५ ओळी, दर ओळ २५ मिनिटं, म्हणजे साधारण साडेचौदा तास. कच्चे टाके दीड तास. कापणं, आखणं, अंथरणं दोन तास. कडा दोन तास. एकूण वीस तास. ८० रुपये तासाने १६०० रुपये मजुरी, त्यावर कापड, दोरा आणि तुमचा नफा. तुमचा वेग आणि तुमचा दर वेगळा असेल, तोच घाला. पण कच्च्या टाक्यांचा दीड तास त्यात लिहाच. लिहिला नाही तर तो वेळ "फुकटचा" वाटतो आणि घाईच्या दिवशी पहिल्यांदा तोच कापला जातो.

ही पद्धत चार पातळ सुती थरांसाठी आहे. सहा-आठ थरांची जाड वाकळ असेल तर झोक्याचा टाका जमणार नाही. तिथे सुई एकदा खाली आणि एकदा वर अशी वेगवेगळी काढावी लागते, इंचाला तीन टाके पुरतात आणि ओळी दोन इंचांवर येतात. नायलॉन किंवा जॉर्जेटची साडी मधल्या थरात घालू नका. ती इतकी घसरते की चार इंचांचे कच्चे टाकेही तिला धरत नाहीत.

आता गृहपाठ. ऑर्डरच्या कापडाला हात लावण्याआधी १२ बाय १२ इंचांचे दोन नमुने करा, चार थरांचे. एकाला फक्त चार पिना लावा आणि कडेपासून शिवा. दुसऱ्याला कच्चे टाके घालून मध्यापासून शिवा. दोन्ही धुवा, वाळवा आणि उलटे करून शेजारी शेजारी ठेवा. मग दुसरा नमुना जपून ठेवा. गिऱ्हाईक "एवढी महाग का?" असं विचारेल तेव्हा तो उलटा करूनच त्याच्या हातात द्या.